रांगोळीत दोरे किती?

प्रस्तावना

शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख मागवले की चेन्नईत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांकडून दोन शीर्षकं हटकून येतात. एक, 'कोलम : तमिळ संस्कृतीचा वारसा'. दुसरं, 'पाणी हेच जीवन'. दोन्ही लेख नीटनेटके असतात, शुद्धलेखन ठीक असतं, शेवटी एखादा सुविचारही असतो. मात्र ते घराबाहेर पाऊल न टाकता लिहिता येतात, आणि त्यात एकही वाक्य असं नसतं जे चूक निघू शकेल. 'कोलममुळे घराला शोभा येते' हे कोण खोडून काढणार? जे खोडता येत नाही, ते तपासताही येत नाही.

ही पुस्तिका आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे, आणि ती विषय आणि प्रश्न यांतल्या फरकापासून सुरू होते. कोलम हा विषय झाला, पाणीटंचाई हाही विषयच. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आज आपल्याला ठाऊक नाही, पण अंक छापायला जाण्याआधी स्वतः मोजून, काढून किंवा हिशेब करून ते मिळू शकतं, आणि मिळालेलं उत्तर आपल्या अंदाजाच्या विरुद्ध जाऊ शकतं. हे नुसतं सांगून पटणारं नाही, म्हणून इथे एक छंद आणि एक बातमी घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

छंद

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिना चालतो. या दिवसांत मैलापूरच्या गल्ल्यांतून पहाटे फिरलं तर दारोदार मोठे कोलम दिसतात. मैलापूर महोत्सवात उत्तर माड वीथीवर कोलमची स्पर्धाही भरते. मराठी घरातल्या मुलाला ठिपक्यांची रांगोळी ओळखीची असते, पण इथली एक जात त्याला वेगळी वाटते. आपण ठिपक्याला ठिपका जोडत जातो. सिक्कु कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवतच नाही, ती त्याला वळसा घालून पुढे जाते, दुसऱ्या रेघेला ओलांडते, आणि गावभर फिरून जिथून निघाली तिथे परत येते. कधी सगळा कोलम एकाच रेघेत पुरा होतो, कधी एकात एक गुंतलेली दोन-तीन वेगळी वेटोळी निघतात.

आता ज्याला कोलम काढण्याचा नाद आहे अशा मुलीने लेख लिहायचा ठरवला. तिच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, 'कोलम का काढतात?' शेजारच्या चार मामींना विचारलं तर चार उत्तरं मिळतील, आणि त्यांतलं कुठलं खरं हे ठरवायला तिच्यापाशी काही साधन नाही. दुसरा प्रश्न, 'कोलम काढल्याने एकाग्रता वाढते का?' हा तपासता येतो, पण त्याला कोलम काढणारी आणि न काढणारी अशी बरीच मुलं हवीत, एकाग्रता मोजायची रीत हवी आणि बरेच महिने हवेत. तिसरा प्रश्न छोटा आहे: 'ठिपक्यांच्या ओळी आणि रांगा सांगितल्या, तर कोलम किती दोऱ्यांचा होईल हे काढायच्या आधी सांगता येईल का?' याला चौकटीची वही, रंगीत पेन्सिली आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात. शिवाय उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. म्हणून हा प्रश्न घ्यायचा.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे नियम पक्का करणं, कारण घरोघरचे कोलम सारखे नसतात. आपण असं ठरवू: ठिपके आयतात मांडायचे. शेजारच्या कुठल्याही दोन ठिपक्यांच्या मधोमध, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना, दोन तिरक्या रेघा एकमेकींना ओलांडतील. कडेला आल्यावर रेघ वळून आत येईल. आता एका जागी पेन्सिल टेकवायची, प्रत्येक फुलीवर सरळ पुढे जायचं आणि सुरुवातीला पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. सगळ्या रेघा झाल्या तर दोरा एक. काही उरल्या तर दुसरा रंग घेऊन पुन्हा सुरू करायचं. जितके रंग लागले तितके दोरे.

मोजणी चुकते ती बहुधा कडेच्या वळणावर. हात घसरतो, रेघ शेजारच्या रेघेत मिसळते आणि दोनाचा एक दोरा होतो. हे पकडायला एक सोपी पडताळणी आहे. २ ओळी आणि ३ रांगा घ्या. आडव्या दिशेने प्रत्येक ओळीत २ म्हणजे एकूण ४ फुल्या, उभ्या दिशेने ३, अशा सगळ्या मिळून ७. प्रत्येक फुलीवरून रेघ दोनदा जायलाच हवी, म्हणजे सगळ्या दोऱ्यांचे मिळून १४ ओलांडे. पेन्सिल फिरवताना ओलांडे मोजत जा. बेरीज १४ आली नाही तर चित्र पुन्हा काढा.

आता मुलगी काढू लागते. २ × २ मध्ये २ दोरे येतात, ३ × ३ मध्ये ३. मग २ × ३ मध्ये १, ३ × ४ मध्ये १, २ × ५ मध्येही १. तिला वाटतं, सापडलं! चौरस असेल तर बाजूइतके दोरे, नसेल तर एकच. पाचही चित्रं या नियमात बसतात, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. पण चांगली तपासनीस आपला नियम जिथे मोडण्याची शक्यता आहे तेच चित्र पुढे घेते. २ × ५ नंतर २ × ७ काढण्यात अर्थ नाही, तिथे पुन्हा तेच दिसणार. तिने २ × ४ काढून पाहिलं आणि २ दोरे आले. चौरस नाही, तरी दोन. ३ × ६ मध्ये ३ आले, ४ × ६ मध्ये २. आता पहिला नियम टाकून द्यावा लागतो, आणि जुन्या-नव्या सगळ्या चित्रांना बसेल असा दुसरा शोधावा लागतो. दोन संख्यांचा मसावि. २ आणि ४ चा मसावि २, ४ आणि ६ चा २, ३ आणि ४ चा १. पाचवी-सहावीत पाठ केलेली गोष्ट दारातल्या रांगोळीत बसलेली निघते.

आठ चित्रांना नियम लागला म्हणजे तो सगळ्यांना लागेलच असं नाही, तेव्हा कारणही शोधायला हवं. ही रेघ कॅरमच्या सोंगटीसारखी वागते. तिरकी जाते, कडेवर आपटते, तशीच तिरकी परत येते. प्रत्येक ठिपक्याभोवती रेघेचे चार तिरके तुकडे असतात, म्हणजे २ × ३ च्या सहा ठिपक्यांभोवती एकूण २४. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत उतरायला रेघेला दर ठिपक्याला दोन असे ४ तुकडे लागतात, आणि वर परत यायला आणखी ४. म्हणजे उभी फेरी ८ तुकड्यांची. आडव्या दिशेला तीन ठिपके, म्हणून आडवी फेरी १२ तुकड्यांची. रेघ सुरुवातीच्या जागी त्याच दिशेने तेव्हाच पोहोचते, जेव्हा दोन्ही फेऱ्या एकदम पुऱ्या होतात, म्हणजे ८ आणि १२ च्या लसाविला, २४ व्या तुकड्याला. एकूण तुकडे २४ च होते, ते सगळे एका दोऱ्यात संपले. २ × ४ मध्ये फेऱ्या ८ आणि १६ तुकड्यांच्या, लसावि १६. एकूण तुकडे ३२, म्हणून दोन दोरे. हा हिशेब कुठल्याही आयताला लागू होतो, आणि लेखाला आता नुसत्या निरीक्षणाऐवजी कारणाचा आधार मिळतो.

यानंतर मर्यादा. नियम आयतापुरता आहे, हे लेखात स्पष्ट लिहायला हवं, कारण दारातले बरेच कोलम आयताचे नसतातच. ठिपके १-३-१ असे शंकरपाळ्याच्या आकारात मांडले तर दोरा एकच येतो. १-३-५-३-१ मांडले तर तीन येतात: दोन दोरे एकमेकांना छेदून तिरके जातात आणि तिसरा कडेकडेने सगळ्यांना वेढतो. इथे मसावि कशाचा काढायचा? १-३-५-७-५-३-१ चं काय होईल? हे वाचकाकडे सोपवून लेख थांबला तरी चालेल, कारण जिथवर उत्तर आहे तिथवर ते पक्कं आहे.

कोलम काढणाऱ्या बायका प्रत्येक ठिकाणी फुली ठेवतातच असंही नाही. दोन वेगळे दोरे जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथली एक फुली काढून त्याजागी दोन्ही रेघा पाठमोऱ्या वळवल्या, तर ते दोन दोरे एक होतात. २ × २ मध्ये एक फुली मोडली की दोनाचा एक दोरा होतो, ३ × ३ मध्ये दोन ठिकाणी मोडावी लागते. यातून बाहेर जाऊन विचारायचा प्रश्न तयार होतो: आपल्या गल्लीतले एकदोरी कोलम लागतील तितक्याच फुल्या मोडून केलेले असतात, की शोभेसाठी जास्त मोडलेल्या असतात? हे मोजायला पहाटे जावं लागेल, पायांखाली कोलम पुसला जाण्याआधी. फोटो काढण्याआधी त्या घरच्यांना विचारावं लागेल. आणि मोजलेले कोलम कुठले, हेही सांगावं लागेल. स्पर्धेतला कोलम आणि रोजचा दारातला कोलम एका यादीत घातले तर त्या यादीवरून रोजच्या कोलमबद्दल काहीच म्हणता येणार नाही.

हे सगळं शाळकरी वाटेल, पण मोठ्यांचं काम याच वाटेवरून झालं आहे, आणि तेही चेन्नईतच. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी संख्याशास्त्र शिकवत. १९३२ साली जन्मलेले हे गृहस्थ १९८८ साली वारले. त्यांनी, त्यांच्या पत्नी रानी सिरोमनी यांनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमवर एक शोधनिबंध लिहिला, आणि तो संगणकावरच्या चित्रांना वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला. कोलम सुंदर का दिसतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. लहान कोलम मोठा करताना बायका ज्या रीतीने तो वाढवत नेतात, ती रीत संगणकाला समजेल अशा मोजक्या नियमांत लिहिता येईल का, असं त्यांनी विचारलं. भाषेत जसं व्याकरण असतं, तसं व्याकरण त्यांनी चित्रांसाठी मांडलं. दारातली ओळखीची वस्तू, तिच्यातलं एक मोजता येणारं अंग, आणि त्या अंगापुरताच प्रश्न, हे तीनही टप्पे त्यांच्या कामात दिसतात.

बातमी

छंदात वस्तू आपल्या हाताखालची असते. बातमीत ती दुसऱ्याने पाहिलेली असते, आणि आकडेही त्यानेच दिलेले असतात. त्यामुळे प्रश्न घडवण्याची रीत थोडी बदलते.

२०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वे विल्लिवाक्कमला आली. ५० टाक्या, एकूण सुमारे २५ लाख लिटर पाणी. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर हार घातलेल्या इंजिनाचा फोटो. या बातमीवर मुलं लिहितात, 'पाण्याचा थेंब थेंब वाचवा.' पण बातमीत एक आकडा आहे, आणि आकडा दिसला की पहिला प्रश्न हा: कशाच्या मानाने?

त्या उन्हाळ्यात शहराचा पुरवठा कापून रोज सुमारे ५२.५ कोटी लिटरवर आणला होता. २५ लाखाला ५२.५ कोटींनी भागा. एक रेल्वे म्हणजे त्या कापलेल्या पुरवठ्याच्या २१० व्या भागाएवढी, अर्ध्या टक्क्याच्या आत. बातमीत दुसराही आकडा होता: योजना रोज १ कोटी लिटर आणण्याची होती. म्हणजे अशा चार गाड्या. त्या सगळ्या आल्या तरी दोन टक्क्यांच्या आत. इथे मुलांनी एक गोष्ट जपायची. 'आणणार' हा एक आकडा असतो आणि 'आणलं' हा दुसरा, आणि बातमीत दोन्ही एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसतात. लेखात ते वेगळे लिहावेत.

मराठी वाचकाला इथे लातूर आठवल्याशिवाय राहणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला गेली. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. म्हणजे तीन वर्षांनी चेन्नईला आली, तेवढ्याच पाण्याची. आता प्रश्न आपोआप उभा राहतो: तीच रेल्वे दोन शहरांत माणशी किती पाणी देते? २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास होती, आणि चेन्नई महापालिकेच्या वाढीव हद्दीत सुमारे ६७ लाख माणसं राहत होती. भागाकार केला की लातूरला एका गाडीतून माणशी साडेसहा लिटर येतात, चेन्नईला माणशी तीनशे सत्तर मिलिलिटर, एका मोठ्या पेल्याहून थोडं जास्त. लातूरमध्ये ही रेल्वे पिण्याच्या पाण्याची गरज भागवू शकत होती. चेन्नईत तीच गाडी तेवढं काम करूच शकत नव्हती. 'रेल्वेने पाणी आणणं उपयोगी की निरुपयोगी?' हा वादस्पर्धेचा विषय होता. 'कुठल्या शहराला, किती?' असं विचारल्यावर त्याचं उत्तर एका पानात मावतं.

या हिशेबातल्या फटीही लेखात दिसल्या पाहिजेत. लोकसंख्या २०११ ची आहे, पाणी २०१६ आणि २०१९ चं. दोन्ही शहरं त्या काळात वाढली, म्हणून माणशी आकडा खरा असायला हवा त्याहून थोडा जास्तच आला असेल. मग निष्कर्ष टिकतो का? साडेसहा लिटर आणि पेलाभर यांत सतरापटीहून जास्त फरक आहे. लोकसंख्येचा आकडा दहा-वीस टक्क्यांनी चुकला तरी तो फरक पुसला जात नाही. हे तपासून पाहणं आणि एका वाक्यात लिहून ठेवणं, एवढ्यानेच लेखाला वजन येतं. माणशी आकडा म्हणजे सरासरी, प्रत्येकाच्या घागरीत तेवढं पडलं असं नव्हे, हेही दुसऱ्या वाक्यात सांगावं. तोटीला पाणी येणाऱ्या घरात आणि लॉरीपुढे रांगेत उभ्या असलेल्या घरात फार अंतर होतं, आणि ते या भागाकारात दिसत नाही.

ज्याला आणखी जवळ जायचं आहे, त्याने आपल्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे टँकरची वही मागावी. बऱ्याच इमारतींत प्रत्येक टँकरची तारीख लिहिलेली असते, कारण त्याचे पैसे द्यायचे असतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसानंतर महिन्यागणिक टँकर किती कमी झाले, हे त्या वहीतून मोजता येतं. पण डिसेंबरअखेरीस आणि पोंगलला बरीच कुटुंबं गावी जातात. टँकर पावसामुळे कमी झाले की घरं रिकामी होती म्हणून, हे ओळखायला सुट्टी नसलेले महिने वेगळे काढून पाहावे लागतात. सुट्टीबाहेरच्या महिन्यांतही घट तेवढीच दिसली, तर पावसाला श्रेय द्यायला हरकत नाही.

पुस्तिकेविषयी

पुढच्या पानांवरचे सगळे लेख याच रीतीने वाचावेत. प्रत्येक लेखाच्या आरंभी मुलाने सुचवलेला मूळ विषय दिला आहे, त्याखाली शेवटी घेतलेला प्रश्न. मधल्या वेळात काय काय टाकून दिलं, तेही मुद्दाम ठेवलं आहे, कारण नवख्या लेखकाला तोच भाग सर्वांत उपयोगी पडतो. मसाविआधीचा चौरसाचा नियम लेखातून पुसून टाकला असता, तर २ × ४ का काढून पाहिलं हे वाचकाला कळलंच नसतं.

शिक्षकांना एक विनंती. मुलाने विषय आणला की लगेच 'छान आहे, लिही' म्हणू नका. 'तुझं उत्तर चूक असेल, तर ते तुला कशावरून कळेल?' असं विचारा. ज्या मुलाला यावर काही सांगता येतं, त्याला वही-पेन्सिल द्या आणि मोजायला पाठवा. ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासोबत बसून प्रश्न आणखी लहान करा: गल्ली एक, महिना एक, मोजायची गोष्ट एक. उत्तर मिळालं की शीर्षकात तोच प्रश्न, ठिकाण आणि काळ यांसकट, जसाच्या तसा छापा.

चेन्नई, पोंगल